भाजलेल्या रुग्णाची केस लिहिताना: सलाईनचा हिशोब, ड्रेसिंग आणि मनाचा आधार

बर्न्स वॉर्डच्या पोस्टिंगनंतर येणाऱ्या नर्सिंग विद्यार्थ्यांच्या केस स्टडीच्या वह्या तपासताना मला त्याच त्या चुका दिसतात. सलाईनचं सूत्र बरोबर लिहिलेलं असतं, पण वेळ चुकीच्या ठिकाणापासून मोजलेली असते. ड्रेसिंगचं साहित्य दोन पानं भरून असतं, पण वेदनाशामक कधी दिलं याची नोंद नसते. आणि मानसिक आधाराच्या रकान्यात ‘रुग्णास धीर दिला’ या तीन शब्दांवर काम भागवलेलं असतं. म्हणून एकच केस घेऊन सगळं क्रमाने लिहितो आहे.

केस अशी. २८ वर्षांची विवाहित बाई, वजन ५० किलो. सकाळी ७ वाजता चुलीवर पाणी तापवताना पदराने पेट घेतला. साडी नायलॉनची. घरच्यांनी चादर गुंडाळून आग विझवली आणि भाजलेल्या भागाला टूथपेस्ट लावली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रिंगर लॅक्टेटची ५०० मिलीची एक बाटली गेली. सकाळी १० वाजता ती जिल्हा रुग्णालयात पोहोचली. ही शिकवण्यासाठी रचलेली केस आहे. तुमच्या वहीत तुमच्या रुग्णाचे आकडे घाला.

## १. लिहायला बसण्याआधी पाच गोष्टी मिळवा

भाजल्याची नेमकी वेळ, रुग्णाचं वजन, आधी किती सलाईन गेलं, आग कशामुळे लागली, आणि जागा बंद होती की उघडी. एवढं नसेल तर पुढचा हिशोब अंदाजावर जातो. नातेवाईक ‘सकाळी लवकर’ असं सांगतात. मग विचारा, नळाला पाणी आलं होतं का, मुलं शाळेत गेली होती का. वेळ पंधरा मिनिटांच्या आत आणता येते.

वजन शक्यतो पहिल्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी अंगावर सूज आणि पट्ट्या चढतात आणि काटा खोटं सांगतो.

तपासा: केस पेपरवर ‘भाजल्याची वेळ’ आणि ‘दाखल झाल्याची वेळ’ वेगवेगळ्या लिहिल्या आहेत का?

## २. सलाईनच्या आधी श्वास

बहुतेक वह्या थेट टक्केवारीवर उडी मारतात. आपल्या रुग्णाचा चेहरा लालसर आहे आणि छाती भाजली आहे. त्यामुळे आधी पाहायचं ते हे: नाकातले केस जळलेत का, थुंकीत काजळी आहे का, आवाज घोगरा झालाय का. घोगरा आवाज म्हणजे आत सूज चढते आहे. ती तासागणिक वाढते, आणि मग नळी घालणं अवघड होतं. यातलं एकही लक्षण दिसलं की डॉक्टरांना लगेच कळवायचं. ऑक्सिजन द्यायचा तो मास्कने, भरपूर.

सावध: बंद खोलीत धुरात अडकलेल्या रुग्णाच्या बोटाला लावलेलं यंत्र ९८ टक्के दाखवत असेल तरी विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनचंच वाटतं.

अंगठ्या, बांगड्या, पैंजण याच टप्प्यात काढा. दोन तासांनी बांगडी कापावी लागते. नायलॉन कातडीला चिकटलेलं असेल तर ओढायचं नाही. भोवतीचं कापड कापून घ्यायचं.

## ३. टक्केवारी: लाली मोजायची नाही

नवाच्या नियमाने मोठ्या माणसाचं डोकं आणि मान मिळून ९, प्रत्येक हात ९, धडाची पुढची बाजू १८, पाठ १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रियाचा भाग १ टक्का. तुटक तुटक डाग असतील तर रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, साधारण १ टक्का धरायचा. तुमचा तळहात नव्हे.

आपल्या केसमध्ये छाती आणि पोट १८, उजवा हात सगळीकडून ९, दोन्ही मांड्यांची पुढची बाजू प्रत्येकी साडेचार म्हणजे ९. एकूण ३६ टक्के. चेहऱ्यावर नुसती लाली आहे, फोड नाही. ती बेरजेत येत नाही. उन्हाने भाजल्यासारखी कोरडी लाल कातडी मोजली की टक्केवारी फुगते आणि तिच्यामागे सलाईनही फुगतं. ही चूक मी सगळ्यांत जास्त वेळा लाल केली आहे.

टूथपेस्ट धुतल्याशिवाय मोजायला बसू नका. पांढऱ्या थराखाली काय आहे ते दिसतच नाही. शाई किंवा जांभळं औषध लावलं असेल तरी तेच. धुताना मात्र एका वेळी एकच भाग उघडा ठेवा आणि बाकीचं अंग झाका. एवढं भाजलेलं शरीर फार लवकर गार पडतं.

खोली लिहिताना रंग, ओल, फोड आणि वेदना चारही लिहा. गुलाबी, ओलसर, फोड आलेला आणि हात लावला तर ओरडायला लावणारा भाग वरवरचा असतो. पांढरा किंवा करपलेला, चामड्यासारखा आणि न दुखणारा भाग पूर्ण खोल. ‘वेदना नाहीत, सुधारणा आहे’ असं लिहिलेली वही मी पाहिली आहे. वेदना नव्हत्या, कारण तिथल्या नसा जळून गेल्या होत्या.

लहान मुलाची केस असेल तर हे आकडे उचलू नका. मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं. त्यांच्यासाठी लुंड-ब्राउडरचा तक्ता वापरतात आणि द्रवाचा हिशोबही वेगळा असतो.

## ४. द्रवाचा हिशोब

पार्कलँड सूत्र: ४ मिली × वजन × टक्केवारी, पहिल्या २४ तासांसाठी, रिंगर लॅक्टेट.

```
४ × ५० × ३६ = ७२०० मिली
पहिल्या ८ तासांत : ३६०० मिली
पुढच्या १६ तासांत : ३६०० मिली
```

खरी चूक पुढे होते. आठ तास भाजल्यापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नाही. ती ७ वाजता भाजली, म्हणजे आठ तास दुपारी ३ ला संपतात. तुमच्याकडे ती १० ला आली, म्हणून हातात ५ तासच उरले. आणि ५०० मिली आधीच गेलंय.

```
३६०० − ५०० = ३१०० मिली
३१०० ÷ ५ = तासाला ६२० मिली
```

ज्यांनी दाखल झाल्यापासून मोजलं त्यांच्या वहीत तासाला ४५० येतं. फरक तासाला १७० मिलीचा, तोही केशवाहिन्या सर्वांत जास्त गळत असतात त्या वेळेत.

आता थेंब. आपल्याकडचा नेहमीचा सेट २० थेंबांना १ मिली देतो. ६२० × २० ÷ ६० म्हणजे मिनिटाला सुमारे २०७ थेंब. हे कोणाच्याही डोळ्याला मोजता येत नाहीत. म्हणून दोन जाड कॅन्युला आणि दोन लाइन, प्रत्येकी तासाला ३१० मिली, म्हणजे मिनिटाला १०३ थेंब. तेही मोजत उभं राहण्यापेक्षा बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळा लिहा. या वेगाने ५०० मिलीची बाटली साधारण ९७ मिनिटांत संपायला हवी. दहाला लावलेली बाटली अकराला अर्ध्याच्या वर असेल तर लाइन कुठेतरी अडली आहे.

कॅन्युला न भाजलेल्या डाव्या हाताला. जागाच नसेल तर भाजलेल्या कातडीतूनही घालतात, पण तिथे चिकटपट्टी धरत नाही. टाका किंवा पट्टीने बांधावी लागते.

सावध: ४ मिली हा आकडा सगळीकडे सारखा नाही. अनेक ठिकाणी मोठ्या माणसाला आगीने भाजल्यावर २ मिलीपासून सुरुवात करतात. विजेच्या धक्क्यात ४ घेतात. तुमच्या वॉर्डात कोणता प्रोटोकॉल आहे ते विचारून वहीत लिहा. परीक्षक नेमकं हेच विचारतो.

## ५. सूत्र फक्त सुरुवात करून देतं, पुढे लघवी सांगते

मोठ्या माणसाला तासाला किलोमागे ०.५ ते १ मिली लघवी हवी. आपल्या रुग्णाला २५ ते ५० मिली. त्यासाठी कॅथेटर आणि दर तासाला मोजता येईल अशी पिशवी लागते. आठ तासांची एकत्र बेरीज इथे उपयोगाची नाही.

तिचा दिवस असा गेला असं समजा. ११ वाजता लघवी १५ मिली. आधी कॅथेटर पिळलं आहे का, पिशवी वर ठेवली आहे का ते पाहिलं. सगळं ठीक होतं, म्हणून डॉक्टरांना कळवलं. त्यांनी वेग पाचव्या हिश्श्याने वाढवून तासाला ७४० केला. १२ वाजता २८, १ वाजता ४५. दोन वाजता ८५.

इथे विद्यार्थी ‘लघवी उत्तम’ लिहून पुढे जातात. ८५ उत्तम नाही, जास्त आहे. शरीराला नको असलेलं पाणी आपण ओततो आहोत. ते पोटात, फुफ्फुसात आणि भाजलेल्या हातात साचतं, पोटातला दाब वाढतो, हाताचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून २ वाजता पुन्हा कळवलं आणि वेग ५९० वर आला.

३ वाजता बेरीज करा: आधीचे ५००, मग ६२०, ७४०, ७४०, ७४० आणि ५९०. एकूण ३९३० मिली. सूत्रापेक्षा ३३० जास्त. ही चूक नाही, आणि वहीत आकडे जुळवण्यासाठी ते ३६०० करू नका. गेलं तेवढंच लिहा आणि बाजूला कारण लिहा.

पुढच्या १६ तासांचा कागदावरचा आकडा ३६०० ÷ १६, म्हणजे तासाला २२५. पण घड्याळात तीन वाजले म्हणून ५९० वरून थेट २२५ वर आणत नाहीत. लघवी पाहत टप्प्याटप्प्याने उतरवतात. वेग ठरवणं डॉक्टरांचं काम. तासाचा आकडा वेळेवर त्यांच्यापर्यंत नेणं तुमचं.

सावध: लघवी कमी आहे म्हणून या काळात लघवी वाढवणारं इंजेक्शन देण्याची घाई नको. रक्तवाहिन्याच रिकाम्या आहेत. लघवी कोलासारखी गडद दिसली तर स्नायू जळल्याची शंका घ्या आणि नमुना बाजूला ठेवून लगेच कळवा.

तपासा: तुमच्या तक्त्यात दर तासाला चार रकाने आहेत का: गेलेलं द्रव, लघवी, नाडी आणि रक्तदाब, कोणाला काय कळवलं?

## ६. जखमेची काळजी: क्रम मोडला की त्रास दुप्पट

उजवा हात गोलाकार भाजला आहे, म्हणून ड्रेसिंगच्याही आधी तो हात. आतून सूज, बाहेरून न ताणणारी खोल भाजलेली कातडी. दर तासाला मनगटाची नाडी, नखाचा रंग, बोटांची ऊब आणि मुंग्या पाहायच्या. हात उशीवर हृदयाच्या वर. बोटं थंड, फिकट झाली किंवा बोट सरळ करताना असह्य दुखलं तर वाट पाहायची नाही, कातडीला चीर द्यावी लागू शकते. हे निरीक्षण पहिले दोन दिवस सोडायचं नाही.

ड्रेसिंगचा क्रम असा.

अ. लिहून दिलेलं वेदनाशामक आधी. शिरेतून असेल तर साधारण १५ ते २० मिनिटं, तोंडाने असेल तर पाऊण तास आधी. औषध देऊन लगेच पट्टी सोडायला घेतली तर ते काम करू लागतं ड्रेसिंग संपल्यावर. श्वासाचा वेग आणि गुंगी पाहून मगच पुढे जायचं.

आ. पंखा बंद, खिडकी बंद, सगळं साहित्य हाताशी. जखम उघडी टाकून कात्री आणायला पळणं मी बंद करायला लावतो.

इ. जुनी पट्टी कोमट नॉर्मल सलाईनने भिजवा. चिकटलेली पट्टी ओढली की त्याबरोबर नवी कातडीही निघते आणि रक्त येतं.

ई. जुने ग्लोव्ह्ज काढून निर्जंतुक घाला. पुसण्याआधी पाहा: वास, रंग, कडा, स्राव. धुतल्यावर वास जातो आणि पुरावाही.

उ. सलाईनने धुवा. सुटलेली मृत कातडी उचला. फोड फोडायचा की ठेवायचा हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने सुई लावू नका.

ऊ. मलम लावण्याआधी सर्जनने जखम पाहिली आहे ना? सिल्व्हर सल्फाडायझिन एकदा लागलं की खोली कळणं अवघड. सल्फाची ॲलर्जी आणि गरोदरपण विचारल्याशिवाय ते लावायचं नाही. थर जाडसर, दीड ते दोन मिलिमीटर, पूर्ण झाकणारा. चेहऱ्यावर ते नको.

ए. मग गॉजचे थर आणि बँडेज, बोटांपासून खांद्याकडे. प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा. एकत्र बांधलेली बोटं एकत्र जुळतात. टोकं उघडी ठेवा, रंग दिसायला हवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मलमाखाली पिवळट-राखाडी, मऊ पडदा दिसतो. विद्यार्थी ‘पू झाला’ लिहितात. तो बऱ्याचदा मलम आणि स्राव मिळून झालेला थर असतो, धुताना सरकतो. संसर्गात मात्र वास येतो, काळे किंवा हिरवट डाग पडतात, भोवतीची लाली पसरते आणि वरवरची जखम खोल दिसू लागते. सोबत ताप, गोंधळलेलं बोलणं किंवा घटलेली लघवी असेल तर जखम एवढाच प्रश्न उरलेला नाही.

ड्रेसिंग झालं की हाताची ठेवण. बाईला बरं वाटतं ते हात पोटाशी घेऊन, कोपर वाकवून. तिथेच तो आखडतो. काख भाजली आहे, म्हणून दंड धडापासून ९० अंशांवर आणि कोपर सरळ. फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी बोलवा.

तपासा: वेदनेचा आकडा ड्रेसिंगच्या आधी, मध्ये आणि नंतर असा तीन वेळा लिहिला आहे का?

## ७. मनाचा आधार: काय बोललात ते लिहा

या भागात रुग्णाचे शब्द लागतात. ‘चिंताग्रस्त’ हा तुमचा शब्द. तिचे शब्द असे: “सिस्टर, आज पट्टी नको. कालच्या भीतीनेच झोप लागली नाही.” हे जसंच्या तसं अवतरणात लिहा. नर्सिंग डायग्नोसिस त्यातून निघतं: ड्रेसिंगच्या वेदनेची भीती, झोप तुटणं.

यावर ‘समुपदेशन केले’ लिहून भागत नाही. उपाय असा: आदल्या दिवशी वेळ सांगणं, ती वेळ पाळणं, किती मिनिटं लागतील ते सांगणं, आणि ‘थांबा’ म्हटलं की अर्धा मिनिट खरंच थांबणं. ज्या बाईच्या हातात काहीच उरलेलं नाही तिला एवढा ताबा मिळाला तरी ओरडणं कमी होतं. मी हे पाहिलंय.

चौथ्या दिवशी ती विचारते, “सिस्टर, माझी मुलगी मला बघून घाबरेल का?” सहज तोंडात येतं, “काही नाही होत, सगळं ठीक होईल.” हे खोटं आहे, आणि ते तिला कळतं. त्यापेक्षा: “ताई, आधी तिला सांगून ठेवू की आईच्या हाताला आणि पोटाला पांढऱ्या पट्ट्या आहेत. मिठी मारता येणार नाही, पण डावा हात धरता येईल. तिला आत यायचं नसेल तर जबरदस्ती नको. चेहऱ्याची लाली उतरते आहे, ती तुम्हीच आरशात बघा, पण तुम्हाला वाटेल तेव्हाच.” आरसा पुढे करायचा नाही, लपवायचाही नाही.

आता एक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत असते आणि आपल्या वॉर्डात रोज समोर असते. भाजलेली विवाहित बाई म्हणजे पोलीस केस. मॅजिस्ट्रेट जबाब घ्यायला येतात आणि ती शुद्धीत आहे का हे डॉक्टर लिहून देतात. म्हणून मॉर्फिनसारख्या औषधाची वेळ आणि मात्रा मिनिटासकट लिहिलेली हवी. चौकशी करणं तुमचं काम नाही. पण सासूबाई खाटेजवळ बसलेल्या असताना “कसं झालं?” असं विचारलं तर उत्तर त्यांच्यासाठीच येणार. ड्रेसिंगच्या खोलीत नातेवाईक बाहेर असतात. तिथे हळूच विचारता येतं, “घरी परत जायची भीती वाटते का?” किंवा “जीव नकोसा झाला होता का?” असं विचारल्याने मनात नसलेला विचार शिरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडायचं नाही. धारदार वस्तू, औषधं हाताशी नकोत. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवा अधीक्षकांना त्याच शिफ्टमध्ये कळवायचं.

सावध: ‘आत्महत्येचा प्रयत्न’ किंवा ‘सासरच्यांनी जाळले’ असा निष्कर्ष तुमच्या नोंदीत नको. ‘रुग्ण म्हणाली की…’ एवढंच.

आणखी एक गल्लत. रात्री अचानक असंबद्ध बोलणारी, सलाईन ओढणारी रुग्ण ‘मानसिक धक्क्यात’ आहे असं लिहून मोकळं होऊ नका. आधी ऑक्सिजन, साखर, ताप, लघवी पाहा. तो संसर्ग असू शकतो. उलट, महिना उलटला तरी आग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, गॅस पेटवायचीही धास्ती वाटत असेल, तर ती मानसोपचाराची गरज आहे. घरी जाताना ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक कार्डावर लिहून द्या.

## ८. मूल्यमापनाचा रकाना

‘उद्दिष्ट साध्य’ असं सगळ्या ओळींत लिहिलेलं दिसलं की मी वही परत करतो. आपल्या रुग्णाचा सहाव्या दिवसाचा रकाना असा दिसायला हवा: लघवी तासाला ३० ते ४५ मिली. ड्रेसिंगमधली वेदना ९ वरून ५. कोपर स्वतः सरळ करते, दंड मात्र ७० अंशांच्या वर जात नाही. मुलगी दहा मिनिटं बसून गेली. रात्री चार तास झोप. आरसा नको म्हणाली.

शेवटच्या ओळीपुढे ‘साध्य नाही’ लिहा, आणि पुन्हा कधी विचारणार ती तारीख टाका.